अनुदानाची मुदतवाढ : शिल्लक रक्कम व सुधारित वेळापत्रक यांचा मेळ

ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना शासन, खासगी न्यास किंवा उद्योगसमूह यांच्याकडून ठराविक मुदतीची अनुदाने मिळतात. मुदत संपत आली आणि काम अपुरे राहिले, तर संस्था अनुदानदात्याकडे मुदतवाढ मागते. जादा रक्कम न मागता मंजूर रकमेतूनच उरलेले काम पुरे करण्यासाठी जी मुदत मागितली जाते, तिला अतिरिक्त अनुदानाविना मुदतवाढ असे म्हणता येईल. हा अर्ज वरवर पाहता सोपा वाटतो. विलंबाचे कारण लिहावे, नवी तारीख सुचवावी आणि शेवटी विनंती करावी, एवढेच त्याचे स्वरूप आहे असा समज आढळतो. प्रत्यक्षात असे अर्ज बहुधा दोन ठिकाणी अडतात. शिल्लक रक्कम उरलेल्या कामाशी जुळत नाही, आणि मागितलेले महिने त्या कामाच्या हंगामाशी जुळत नाहीत.

प्रस्तुत पाठात या दोन्ही बाबींचा विचार कर्नाटकातील बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांत मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. तेथील संस्थांचा व्यवहार गावात मराठीतून, तालुका कचेरीत कन्नडमधून आणि मुंबई-पुण्याच्या अनुदानदात्याशी मराठी किंवा इंग्रजीतून चालतो. पुढील उदाहरणातील संस्था, विहिरी व रकमा अभ्यासासाठी कल्पिलेल्या आहेत. निवडणुकांच्या तारखा, नियम व कायद्यातील तरतुदी मात्र प्रत्यक्षातील आहेत.

उदाहरणाची मांडणी

भालकी तालुक्यातील एका संस्थेस मुंबईच्या एका न्यासाने जुन्या विहिरींच्या दुरुस्तीसाठी २४,००,००० रुपयांचे अनुदान मंजूर केले, असे समजू. मुदत १ जुलै २०२२ ते ३० जून २०२४ अशी दोन वर्षांची होती. एकूण ४० विहिरींतील गाळ काढून कठड्याची डागडुजी करावयाची होती आणि प्रत्येक विहिरीजवळ पावसाचे पाणी गाळून आत सोडणारा एक पुनर्भरण खड्डा करावयाचा होता. अंदाजपत्रकात चार शीर्षे होती. विहीर दुरुस्तीसाठी दर विहिरीस ३०,००० प्रमाणे १२,००,००० रुपये आणि पुनर्भरण खड्ड्यांसाठी दर खड्ड्यास ६,००० प्रमाणे २,४०,००० रुपये होते. समन्वयक व क्षेत्र कार्यकर्ता या दोघांच्या मानधनासाठी दरमहा २७,००० प्रमाणे २४ महिन्यांचे ६,४८,००० रुपये ठेवले होते. प्रवास, मोजणी, प्रशिक्षण व लेखापरीक्षण यांसाठी एकत्रित ३,१२,००० रुपये होते.

न्यासाने हप्त्यांनी २०,४०,००० रुपये दिले होते. उरलेले ३,६०,००० रुपये कामाच्या प्रगतीनंतर द्यावयाचे असल्याने राखून ठेवले होते. दोन उन्हाळ्यांत प्रत्येकी वीस विहिरी, अशी मूळ योजना होती. पहिल्या उन्हाळ्यात १४ विहिरी झाल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात मार्चअखेर आणखी ८ झाल्या आणि जूनच्या मध्यापर्यंत आणखी ६ होतील असा अंदाज होता. म्हणजे मुदतीअखेर ४० पैकी २८ विहिरी पूर्ण होऊन १२ शिल्लक राहणार होत्या. ही स्थिती ३१ मार्च २०२४ रोजी, मुदत संपण्याच्या तीन महिने आधी, स्पष्ट दिसत होती. अर्ज करण्याची योग्य वेळ हीच होय. मुदत संपल्यावर आलेला अर्ज हा मुदतवाढीचा अर्ज राहत नाही. तो संपलेल्या करारास पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज ठरतो, आणि अनेक अनुदानदात्यांना तो स्वीकारता येत नाही.

शिल्लक रक्कम म्हणजे कोणती रक्कम ?

पहिली गफलत येथे होते. ३१ मार्च २०२४ पर्यंत संस्थेचा एकूण खर्च १६,०४,००० रुपये झाला होता. बँकेतील पुस्तकात त्या दिवशी २०,४०,००० वजा १६,०४,००० म्हणजे ४,३६,००० रुपये दिसतात. मंजूर अनुदानातून पाहिल्यास २४,००,००० वजा १६,०४,००० म्हणजे ७,९६,००० रुपये अखर्चित आहेत. या दोहोंपैकी कोणतीही एकच रक्कम अर्जात शिल्लक म्हणून लिहिली, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. पहिलीत राखून ठेवलेला हप्ता धरलेला नाही, तर दुसरीत संस्थेच्या हाती नसलेला पैसाही मोजला आहे.

तथापि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुदतवाढीसाठी मार्चअखेरची शिल्लक कामाची नाही. मुदतवाढ १ जुलैपासून सुरू व्हावयाची असल्याने ३० जूनची अपेक्षित शिल्लक काढणे आवश्यक आहे. एप्रिल ते जून या काळात सहा विहिरी व सहा खड्डे यांचे २,१६,००० रुपये, मानधनाचे ८१,००० रुपये आणि इतर खर्चाचे २७,००० रुपये, असे एकूण ३,२४,००० रुपये आणखी खर्च होणार होते. म्हणजे ३० जूनपर्यंतचा खर्च १९,२८,००० रुपये होतो. तेव्हा बँकेत १,१२,००० रुपये राहतात, त्यांत राखून ठेवलेला ३,६०,००० रुपयांचा हप्ता मिळविला की मंजूर अनुदानातील खरी अखर्चित शिल्लक ४,७२,००० रुपये येते.

आता ही शिल्लक शीर्षनिहाय लावून पाहावी. बारा विहिरींचे ३,६०,००० रुपये, बारा खड्ड्यांचे ७२,००० रुपये आणि इतर खर्चाच्या शीर्षात उरलेले ४०,००० रुपये, यांची बेरीज बरोबर ४,७२,००० होते. रक्कम उरलेल्या कामाशी जुळली. परंतु मानधनाच्या शीर्षात एकही रुपया उरलेला नाही, हेही याच मांडणीतून दिसून येते. दोन वर्षांचे मानधन दोन वर्षांत संपले. काम मागे पडले, तरी माणसांचा पगार मागे पडत नाही.

अतिरिक्त अनुदानाविना मुदतवाढीतील खरी अडचण नेमकी हीच आहे. जादा महिने फुकट येत नाहीत. समन्वयक व कार्यकर्ता यांना आणखी अकरा महिने पूर्वीच्याच मानधनावर ठेवावयाचे म्हटले, तर २,९७,००० रुपये लागतील. ते कोठून येणार, याचे उत्तर अर्जात नसेल, तर अनुभवी अनुदानदात्यास दोन शंका येतात. एक तर संस्था विहिरींचा पैसा नकळत पगाराकडे वळवील, किंवा काही महिन्यांनी जादा अनुदान मागण्यास पुन्हा येईल. अर्ज लिहिणाऱ्याने ही शंका विचारली जाण्याआधीच दूर केली पाहिजे.

व्याजाविषयीही येथेच लक्ष द्यावे. अनुदान बचत खात्यात असेल, तर त्यावर व्याज जमा होते. ते शिल्लक रकमेत मिसळू नये. स्वतंत्र ओळीत दाखवावे. अनुदान केंद्र शासनाचे असल्यास सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधील नियम २३० प्रमाणे अशा अनुदानावरील व्याज हिशेब अंतिम झाल्यावर शासनाच्या एकत्रित निधीत भरावे लागते. त्या व्याजातून मानधन भागविण्याचा विचार करता येत नाही. खासगी न्यासाच्या बाबतीत करारात काय लिहिले आहे ते पाहावे, आणि करार मूक असेल तर लेखी विचारणा करावी.

विलंबाचे कारण प्रत्येक कामास स्वतंत्र असावे

“निवडणुका व इतर अपरिहार्य अडचणींमुळे काम रखडले” असे वाक्य अनेक अर्जांत आढळते. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांत त्यात तथ्य नाही असे नाही. कर्नाटक विधानसभेची निवडणूक २९ मार्च २०२३ रोजी जाहीर झाली व १० मे रोजी मतदान झाले. लोकसभेची निवडणूक १६ मार्च २०२४ रोजी जाहीर झाली, या दोन्ही मतदारसंघांत ७ मे रोजी मतदान झाले आणि ४ जूनला मतमोजणी झाली. म्हणजे लागोपाठच्या दोन्ही उन्हाळ्यांत, विहिरींच्या कामाचा जो ऐन काळ, त्यातच आदर्श आचारसंहिता लागू होती.

तरीही हे कारण सरसकट देता येत नाही. आचारसंहितेमुळे नवी शासकीय कामे सुरू करण्यास मनाई होते. जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेली कामे चालू ठेवता येतात. खासगी मालकीच्या विहिरीवर न्यासाच्या पैशाने चालणाऱ्या कामाचा तर आचारसंहितेशी थेट संबंध येत नाही. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या विहिरीसाठी मात्र पंचायतीचा ठराव व पंचायत विकास अधिकाऱ्याचे पत्र लागते. निवडणुकीच्या कामात कर्मचारी गुंतलेले असताना आणि नवे काम हाती घेण्यास पंचायत कचरत असताना ते मिळणे कठीण होते.

म्हणून उरलेल्या बारा विहिरींची यादी करून प्रत्येकीपुढे तिचे स्वतःचे कारण लिहावे. उदाहरणातील संस्थेने तसे केल्यावर चित्र पुढीलप्रमाणे दिसले. पाच विहिरी पंचायतीच्या होत्या आणि त्यांचे ठराव १६ मार्चपूर्वी झाले नव्हते. चार विहिरी खासगी होत्या, परंतु मूळ मालकाच्या मृत्यूनंतर वारसांची नोंद झाली नसल्याने संमतिपत्रावर कोणी सही करावी हे ठरत नव्हते. तीन विहिरींसाठी गाळ उपसणारे यंत्र व कामगारांची टोळी त्या वर्षी वेळेवर मिळाली नाही. म्हणजे निवडणुकीचे कारण बारांपैकी पाच विहिरींनाच लागू होते. असे प्रामाणिक विभाजन केल्याने अर्ज दुबळा होत नाही. उलट प्रत्येक कारणाबरोबर त्याचा उपायही आपोआप लिहिता येतो, आणि पहिल्या उन्हाळ्यात सहा विहिरींची तूट आली असताना दुसऱ्या उन्हाळ्यात तीच चूक पुन्हा का घडली, या अपेक्षित प्रश्नास उत्तर देता येते.

वारसांच्या अडचणीतून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. चारपैकी दोन विहिरींच्या वारसांनी नोंदीसाठी अर्ज केला होता व काही महिन्यांत ती होण्यासारखी होती. उरलेल्या दोन विहिरींचा वाद न्यायालयात गेला होता. तो मुदतवाढीच्या काळात सुटेल असे मानण्यास आधार नव्हता. अशा विहिरी यादीत ठेवून संख्या चाळीसच दाखविणे म्हणजे पुढील अपयश आजच लिहून ठेवणे होय. संस्थेने या दोन विहिरी वगळण्याची परवानगी मागितली.

त्यातूनच मानधनाचा प्रश्नही सुटला. दोन विहिरी व दोन खड्डे कमी झाल्याने ७२,००० रुपये मोकळे झाले. फेब्रुवारी ते मे २०२५ या चार महिन्यांत समन्वयकास अर्धवेळ ९,००० रुपये आणि कार्यकर्त्यास पूर्ववत ९,००० रुपये, असे दरमहा १८,००० रुपये दिल्यास एकूण ७२,००० रुपयेच लागतात. जुलै ते जानेवारी या सात महिन्यांत प्रकल्पातून कोणालाही मानधन द्यावयाचे नाही. त्या काळातील कागदपत्रांचे काम संस्थेचे कायम कार्यालय करील, असे अर्जात स्पष्ट लिहिले. यात संस्थेला झीज सोसावी लागते, हे खरे. कार्यकर्ता सात महिने थांबेल की दुसरीकडे जाईल, ही जोखीमही राहते, आणि तीही लिहून ठेवलेली बरी.

एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात रक्कम वळविण्यास पुनर्विनियोजन म्हणतात. अनेक करारांत शीर्षाच्या दहा टक्क्यांपर्यंत असा बदल संस्थेस स्वतःच्या अधिकारात करता येतो. येथे मानधनाचे शीर्ष ६,४८,००० रुपयांवरून ७,२०,००० रुपयांवर जाते. ही वाढ अकरा टक्क्यांहून किंचित अधिक असल्याने पूर्वमंजुरी लागते. मुदतवाढ आणि पुनर्विनियोजन या दोन स्वतंत्र मागण्या आहेत, हे विसरू नये. मुदतवाढ मंजूर झाली म्हणजे शीर्षबदलही मंजूर झाला, असा अर्थ लेखापरीक्षक लावीत नाहीत.

महिने किती, यापेक्षा महिने कोणते ?

मुदतवाढ सहा महिन्यांची मागण्याची एक प्रथा पडून गेली आहे. उदाहरणातील संस्थेने ती मागितली असती, तर १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२४ हा काळ मिळाला असता आणि त्यात एकही विहीर झाली नसती. पावसाळ्यात विहिरी भरतात. गाळ पाण्याखाली जातो व भिजलेल्या काळ्या जमिनीत यंत्र रुतते. सोयाबीन निघाले, तरी तूर शेतात उभी असते, आणि तिची काढणी डिसेंबर-जानेवारीत होते. तुरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या पट्ट्यात उभ्या पिकातून विहिरीपर्यंत यंत्र नेण्यास कोणताही शेतकरी संमती देणार नाही. पुढे रब्बी ज्वारी व हरभरा फेब्रुवारी-मार्चपर्यंत निघतो. विहिरींचे पाणी सर्वांत खाली जाते ते एप्रिल-मे महिन्यांत. म्हणून कामाचा काळ फेब्रुवारीत तयारी आणि मार्च ते मे प्रत्यक्ष उपसा, एवढाच आहे. संस्थेने ३१ मे २०२५ पर्यंत अकरा महिने मागितले. त्यांतील कामाचे महिने चारच आहेत, हे पाहून अनुदानदाता बिचकेल असे वाटण्याचे कारण नाही, मात्र उरलेल्या सात महिन्यांत काय घडणार हे सांगितले पाहिजे.

सुधारित वेळापत्रक पुढीलप्रमाणे तयार झाले.

जुलै ते सप्टेंबर २०२४ : पूर्ण झालेल्या २८ विहिरींची पाणीपातळी शेतकरी दर आठवड्यास दोरीने मोजून वहीत लिहितील. पाच पंचायत विहिरींचे ठराव घेण्यासाठी पंचायतींना पत्रे दिली जातील.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ : सर्व पाच ठराव व दोन वारस नोंदींचे उतारे हाती येतील. यंत्रमालकाशी दर व तारखा यांचा लेखी करार होईल. ३१ डिसेंबरपर्यंत ज्या विहिरीचा कागद पूर्ण होणार नाही, तिच्याविषयी १५ जानेवारीपूर्वी न्यासास कळविले जाईल.

फेब्रुवारी २०२५ : दहाही विहिरींची जागेवर पाहणी व मापे.

मार्च व एप्रिल २०२५ : सहा विहिरी व सहा खड्डे.

मे २०२५ : चार विहिरी व चार खड्डे, अंतिम हिशेब व अहवालाची तयारी.

या वेळापत्रकातील सर्वांत उपयुक्त ओळ ३१ डिसेंबरची आहे. कामे रखडणार असतील, तर ते कामाचा हंगाम सुरू होण्याआधीच समजावे, अशी ती खूण आहे. मुदतीच्या शेवटच्या महिन्यात सांगितलेल्या अडचणीवर कोणालाच उपाय करता येत नाही.

राखून ठेवलेला हप्ता केव्हा लागेल, हेही वेळापत्रकाशी जोडावे. अतिरिक्त अनुदानाविना म्हणजे यापुढे एकही पैसा द्यावयाचा नाही, असा अर्थ काही वेळा अनुदानदात्याच्या लेखा शाखेत घेतला जातो आणि मंजूर हप्ताही थांबतो. म्हणून अर्जात स्पष्ट लिहावे. बँकेतील १,१२,००० रुपयांत फेब्रुवारीत १,८०,००० रुपयांची भर पडल्यास २,९२,००० रुपये होतात. त्यांतून सहा विहिरी व खड्ड्यांचे २,१६,००० रुपये, तीन महिन्यांचे मानधन ५४,००० रुपये आणि इतर २२,००० रुपये भागतात. सहा विहिरींचे मोजमाप सादर झाल्यावर उरलेले १,८०,००० रुपये मिळावेत. त्यांत चार विहिरींचे १,४४,००० रुपये, मे महिन्याचे मानधन १८,००० रुपये व लेखापरीक्षणासह इतर १८,००० रुपये येतात.

अर्जाचा मसुदा

वरील तयारी झाल्यावर अर्ज एका पानात बसतो. त्याचा मुख्य भाग असा असू शकेल :

“महोदय, संदर्भीय अनुदानाची मुदत ३० जून २०२४ रोजी संपत आहे. त्या दिवसापर्यंत ४० पैकी २८ विहिरी पूर्ण होतील. उरलेल्या १२ विहिरींची नावनिशीवार यादी व प्रत्येकीच्या विलंबाचे कारण परिशिष्ट एकमध्ये दिले आहे. मंजूर २४,००,००० रुपयांपैकी ३० जूनपर्यंतचा अपेक्षित खर्च १९,२८,००० रुपये असून अखर्चित शिल्लक ४,७२,००० रुपये राहील. त्यांपैकी १,१२,००० रुपये संस्थेच्या खात्यात व ३,६०,००० रुपये आपल्याकडे असतील. बँक व्याज यात धरलेले नाही. ते परिशिष्ट दोनमध्ये स्वतंत्र दाखविले आहे. आपणांस विनंती की, (१) अनुदानाची मुदत ३१ मे २०२५ पर्यंत वाढवावी, (२) न्यायप्रविष्ट दोन विहिरी वगळून उद्दिष्ट ३८ विहिरी करण्यास मान्यता द्यावी, (३) त्यामुळे मोकळे होणारे ७२,००० रुपये मानधन शीर्षात वर्ग करण्यास मंजुरी द्यावी, आणि (४) राखीव हप्ता परिशिष्ट तीनमधील वेळापत्रकानुसार द्यावा. कोणत्याही अतिरिक्त अनुदानाची मागणी नाही.”

परिशिष्टांतील कागदपत्रांविषयी सीमाभागातील संस्थांनी एक काळजी घ्यावी. महाराष्ट्रातील अनुदानदाता विहिरीच्या मालकीसाठी सातबारा मागतो. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांत सातबारा नसतो. तेथे हक्क, कसणूक व पीक यांची नोंद असलेले ‘पहाणी’ हे कन्नड पत्रक असते. ग्रामसेवकाच्या दाखल्याऐवजी पंचायत विकास अधिकाऱ्याचा दाखला असतो. कन्नड कागदाची प्रत, त्याखाली मराठी सारांश आणि सारांश बरोबर असल्याबद्दल संस्थेच्या जबाबदार पदाधिकाऱ्याची सही, अशी जोडणी केल्यास पत्रव्यवहाराचे काही आठवडे वाचतात. सारांशात मालकाचे नाव, गट अथवा सर्व्हे क्रमांक व तारीख एवढे असले तरी पुरते.

अनुदानदात्याच्याही मर्यादा असतात

मुदतवाढ देणे नेहमीच अनुदानदात्याच्या इच्छेवर नसते. अनुदान केंद्र शासनाचे असेल, तर नियम २३८ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. मुदतवाढीचा अर्ज पाठविला म्हणून ते थांबविता येत नाही. आधीच्या वर्षाचे प्रमाणपत्र त्यातील अखर्चित रकमेसह सादर करावेच लागते. कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतील बहुवार्षिक प्रकल्प सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांपेक्षा अधिक चालू शकत नाही. उदाहरणातील प्रकल्प अशा निधीतून २०२२-२३ मध्ये सुरू झाला असता, तर ३१ मार्च २०२६ ही त्याची शेवटची सीमा ठरली असती. परदेशी अंशदान पूर्वपरवानगीने घेतले असल्यास, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ७ एप्रिल २०२५ च्या सूचनेप्रमाणे परवानगीच्या तारखेपासून ते स्वीकारण्यास तीन व वापरण्यास चार वर्षांची मुदत आहे. सुचविलेली तारीख या सीमांच्या आत आहे की नाही, हे अर्जापूर्वीच पाहून घ्यावे.

मुदत संपताना घडणाऱ्या चुका

शिल्लक कमी दिसावी म्हणून जून महिन्यात यंत्रमालकास उरलेल्या विहिरींची आगाऊ रक्कम देऊन ती खर्चात धरण्याचा मोह होतो. आगाऊ दिलेली रक्कम काम होईपर्यंत खर्च नसते. ती येणे रक्कम असते. लेखापरीक्षणात हा प्रकार सहज उघड होतो, कारण एकाच आठवड्यात निघालेल्या धनादेशांपुढे मोजमाप वहीत नोंद नसते. अखर्चित शिल्लक प्रामाणिकपणे दाखविलेली संस्था मुदतवाढ मागू शकते. ती लपविलेली संस्था तसे करू शकत नाही, कारण तिच्या कागदावर पैसा उरलेलाच नसतो आणि विहिरी मात्र गाळाने भरलेल्या राहतात.

दुसरी चूक मौनास संमती मानण्याची. ३० जूनपर्यंत लेखी मंजुरी आली नाही, तर १ जुलैपासूनचा खर्च अनुदानात ग्राह्य धरला जाईलच असे नाही. उत्तर येईपर्यंत प्रकल्पाच्या खात्यातून नवा खर्च करू नये, आणि मेअखेर एक स्मरणपत्र पाठवावे. मंजुरी मिळाल्यावर तिच्या पत्रात नवी तारीख, सुधारित उद्दिष्ट, शीर्षबदल व हप्ता या चारही बाबी आहेत का, ते तपासावे. एखादी सुटली असेल तर तेवढ्यापुरते पुन्हा लिहावे. मूळ करारात दुरुस्ती पुरवणी करारानेच करावी असे कलम असल्यास, पत्रावर न थांबता पुरवणी करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची प्रत विहिरींच्या यादीसह हिशेबाच्या फाईलीत लावावी.